बाळाचं तेल, बँकेची ठेव आणि प्रॉम्प्टमधले रंग

चित्र बनवणाऱ्या एआय साधनाला ‘लहान बाळाच्या उत्पादनाची जाहिरात’ एवढंच लिहून द्या. समोर येणारं चित्र जवळपास ठरलेलं असतं: फिकट गुलाबी किंवा फिकट आकाशी पार्श्वभूमी, धुक्यासारखा पांढरा उजेड आणि मधोमध गोरंपान बाळ. ‘बँक’ लिहिलं की निळ्या काचांची इमारत उभी राहते. ‘एनर्जी ड्रिंक’ म्हटलं की काळोख, त्यात पोपटी निऑन, वर एखादी वीज. जाहिरात संस्थेचा खर्च न झेपणारे छोटे व्यावसायिक आता अशी चित्रं स्वतःच करून घेतात, आणि म्हणूनच गावोगावच्या जाहिराती एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटायला लागल्या आहेत.

साधनाला दोष देण्याआधी ते रंग शिकतं कसं ते पाहायला हवं. ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे लोकप्रिय साधन ज्या ‘लायन-५बी’ नावाच्या संग्रहाच्या आधारे घडलं, त्यात इंटरनेटवरची साडेपाचशे कोटींहून अधिक चित्रं आणि त्यांच्यासोबतच्या ओळी होत्या. ‘बेबी’ या शब्दाशेजारी ज्या रंगाची चित्रं जास्त सापडली, तो रंग साधनाने बाळाचा मानला. त्याचं रंगमानसशास्त्र म्हणजे एवढंच: कुठल्या शब्दाच्या शेजारी कुठला रंग किती वेळा दिसला.

गंमत म्हणजे माणसाचंही फार वेगळं नाही. स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस या अमेरिकी संशोधकांनी २०१० साली मांडलेला सिद्धांत असा, की आपल्याला एखादा रंग आवडतो तो त्या रंगाच्या ज्या वस्तू आपण पाहिलेल्या असतात, त्या आवडतात म्हणून. स्वच्छ आभाळ आणि पाणी निळं, म्हणून निळा बहुतेकांना प्रिय. काळपट पिवळसर-हिरव्या रंगाच्या वस्तू आठवून पाहा, म्हणजे तो रंग अप्रिय का हे कळेल. थोडक्यात, रंगांचे अर्थ वस्तूंमधून येतात. पण साधनाने पाहिलेल्या वस्तू वेगळ्या आणि साताऱ्यात किंवा सावंतवाडीत वाढलेल्या ग्राहकाने पाहिलेल्या वेगळ्या. प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याचं खरं काम या दोहोंमधलं अंतर भरून काढण्याचं आहे.

ते भरताना बहुतेक जण भावनांची नावं लिहितात: ‘विश्वासार्ह’, ‘कोमल’, ‘जोशपूर्ण’. हे शब्द साधनाला पुन्हा त्याच ठरलेल्या चित्राकडे ढकलतात. समजा, कोकणातल्या एका महिला बचत गटाला बाळाच्या मालिशसाठी केलेल्या खोबरेल तेलाची जाहिरात हवी आहे. पहिला प्रयत्न साधारण असा असतो:

```
Gentle, pure, trustworthy advertisement for
baby massage oil, soothing colours, no pink
```

यात दोन चुका आहेत. ‘सुखद रंग’ म्हणजे कुठले, हे साधनाने स्वतःच्या मनाने ठरवायचं. आणि ‘नो पिंक’ लिहिल्यामुळे चित्रात गुलाबी हमखास शिरतो, कारण अनेक साधनं नकार नीट वाचत नाहीत. त्यांना ‘पिंक’ हा शब्द तेवढा दिसतो. स्टेबल डिफ्यूजनमध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, मिडजर्नीमध्ये शेवटी `--no pink` असं लिहायची सोय आहे. अशी सोय नसेल, तर नको त्या रंगाचं नावच न काढता हव्या त्या रंगाने जागा भरून टाकावी.

आता हवे ते रंग कुठून आणायचे? बाळंतिणीच्या खोलीतून. ‘कोमल’ ही भावना फिकट रंगाला का चिकटली, याचं उत्तर तिथल्या दुपट्यात आहे. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं दुपटं किंवा गोधडी शंभरदा धुतलेली असते. रंग विटलेला असतो आणि कापड लोण्यासारखं मऊ झालेलं असतं. रंग विटणं आणि सूत मऊ होणं या दोन्ही गोष्टी एकाच धुण्यातून येतात, म्हणून डोळ्याला विटका रंग दिसला की बोटांना मऊपणा आठवतो. नुसतं ‘पेस्टल’ लिहिलं तर साधन रंगात पांढरा मिसळून गुळगुळीत, प्लास्टिकसारखा फिकटपणा देतं. ‘जुन्या साड्यांची, धावदोऱ्याने शिवलेली, विटलेली गोधडी’ असं लिहिलं की फिकटपणाही येतो आणि त्यामागचं कारणही चित्रात दिसतं. धावदोरा सांगणं गरजेचं, नाहीतर ‘क्विल्ट’ या शब्दावर साधन चौकोनी तुकड्यांची अमेरिकी रजाई अंथरतं.

दुसरी सुधारित सूचना अशी होईल:

```
Product photo. Plain glass bottle, blank label,
clear, nearly colourless oil. It stands on an old
quilt of worn cotton sarees, running stitch, colours
washed out. Cream wall fills upper two-thirds, empty.
One small brass bowl at right, the only strong colour.
Soft daylight from left, low contrast. --ar 4:5
```

यातला प्रत्येक रंग कुठल्या तरी वस्तूला बांधलेला आहे आणि त्याचं प्रमाणही सांगितलेलं आहे. सजावटीच्या क्षेत्रात साठ-तीस-दहा असा जुना ठोकताळा आहे: साठ टक्के जागा मुख्य रंगाला, तीस दुसऱ्याला, दहा नजर खेचणाऱ्याला. इथे भिंत, गोधडी आणि पितळी वाटी साधारण त्याच क्रमाने बसतात. ‘क्रीम, पिवळा, हिरवा’ अशी नुसती यादी दिली असती तर तिन्ही रंग सारख्याच हक्काने चित्रभर पसरले असते.

‘जवळपास रंगहीन तेल’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. ‘ऑइल’ म्हटलं की साधन मधासारखं सोनेरी तेल दाखवतं, कारण सोनेरी तेलाचे फोटोच जास्त. चांगलं खोबरेल मात्र पाण्यासारखं पारदर्शक असतं आणि २४ अंशांच्या आसपास पारा उतरला की थिजून पांढरं होतं. सोनेरी बाटली पाहून ग्राहकाने मागवलं आणि हातात वेगळंच पडलं, तर ती दिशाभूल झाली. शहाणपणाचा मार्ग असा, की पार्श्वभूमी साधनाकडून करून घ्यावी आणि बाटली मात्र खरी, स्वतः फोटो काढलेली, तिथे आणून बसवावी. लेबल कोरं ठेवण्याचं कारणही तेच.

उजेडाचाही रंग असतो, हे बरेच जण विसरतात. क्रीम भिंत आणि वर ‘सोनेरी सकाळचं ऊन’ असं दोन्ही लिहिलं की भिंत पिवळीजर्द होते आणि गोधडी हळदीत बुडवल्यासारखी दिसते. रंग भिंतीला दिला असेल तर उजेड साधा ठेवावा.

आणि गुलाबी-निळ्याचं काय? मुलीला गुलाबी, मुलाला निळा हा नियम लोक सृष्टीच्या आरंभापासूनचा मानतात. प्रत्यक्षात १९१८ साली अमेरिकेतल्या बालवस्त्रांच्या एका व्यापारी मासिकाने नेमका उलटा सल्ला दिला होता: गुलाबी ठसठशीत, म्हणून मुलांना, निळा नाजूक, म्हणून मुलींना. आपल्याकडे तर बाळाच्या पहिल्या संक्रांतीला काळं झबलं शिवतात, त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घालतात आणि बोरन्हाण करतात. एरवी शुभकार्यात टाळला जाणारा रंग त्या दिवशी कौतुकाचा होतो. जानेवारीतल्या जाहिरातीत काळं झबलं आणि पांढरा हलवा दाखवला, तर मराठी घरात तो क्षणात ओळखला जाईल. साधन मात्र आपणहून बाळाला काळं कधीच घालणार नाही.

एक सावधगिरी रंगापलीकडची आहे. बाळाचं दूध किंवा दुधाची बाटली यांची जाहिरात भारतात करताच येत नाही. १९९२ चा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती अर्भकदुग्धपर्याय, दूध पाजायच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बालआहाराच्या जाहिरातींना मनाई करतात. तेलाच्या चित्रातसुद्धा साधन हौसेने दुधाची बाटली कोपऱ्यात ठेवून देतं. दिसली की काढून टाका.

बँकेकडे वळलं की निळ्याची गाठ पडते. लॉरेन लाब्रेक आणि जॉर्ज मिल्न यांच्या २०१२ च्या अभ्यासात निळ्याचा संबंध कार्यक्षमतेशी आणि लाल रंगाचा उत्साहाशी लागला होता, तेव्हा निळा अगदीच निराधार नाही. पण स्टेट बँक निळी, बँक ऑफ महाराष्ट्र निळी, एचडीएफसीच्या चिन्हात निळा. मग निळा रंग ‘ही बँक आहे’ एवढंच सांगतो. कुठली, ते सांगत नाही. उलट ॲक्सिस बँक तांबूस किरमिजी रंगात उभी आहे, बँक ऑफ बडोदा शेंदरी रंगात, आणि त्यामुळे कुणी तिथल्या ठेवी काढून घेतल्याचं ऐकिवात नाही.

विश्वासाचा भाव रंगाच्या नावापेक्षा त्याच्या भडकपणावर आणि उजळपणावर जास्त अवलंबून असतो. पॅट्रिशिया वाल्डेझ आणि अल्बर्ट मेहराबियन यांनी १९९४ मध्ये दाखवलं की रंग जितका भडक, तितका तो चाळवतो. जितका उजळ, तितका सुखद वाटतो. रंगाची जात, म्हणजे तांबडा की निळा, यांचा परिणाम त्या मानाने कमी. म्हणून गडद, दबलेला निळा भारदस्त वाटतो आणि लख्ख आकाशी निळा पैसे पाठवायच्या नव्या ॲपसारखा. गडद, दबलेला किरमिजीही तेवढाच भारदस्त असू शकतो. प्रॉम्प्टमध्ये ‘ब्लू’ लिहून भागत नाही. `deep muted navy` आणि `bright cyan` या दोन वेगळ्या बँका आहेत.

समजा, एका नागरी सहकारी बँकेला ज्येष्ठांसाठीच्या मुदत ठेवीची जाहिरात करायची आहे. बँकेचा रंग गडद हिरवा. चित्रात एक आजोबा, सागवानी काउंटर आणि पासबुक. सूचना लिहिली जाते: हिरवं पासबुक, पांढरा सदरा, तपकिरी काउंटर, किरमिजी शाल. निकालात पासबुक किरमिजी, शाल हिरवी आणि सदऱ्यावर हिरवी झाक. याला रंग गळणं म्हणता येईल. एका वाक्यात चार वस्तू आणि चार रंग कोंबले की कुठलं विशेषण कुठल्या नामाचं, याचा साधनाचा गोंधळ होतो. उपाय सोपा: शाल काढा, रंग दोनवर आणा, प्रत्येक वस्तूला वेगळं छोटं वाक्य द्या. तरीही एखादी वस्तू हट्टाने चुकली, तर पूर्ण चित्र पुन्हा काढण्यापेक्षा तेवढाच भाग निवडून बदलावा. बहुतेक साधनांत ही सोय आता असते.

बँकेच्या ब्रँडपुस्तिकेत रंग सांकेतिक आकड्यात दिलेला असतो, समजा `#0B4F3C`. हा आकडा प्रॉम्प्टमध्ये लिहिला की काम झालं, असा समज आहे. जुन्या साधनांना तो अक्षरांचा निरर्थक पुंजका वाटतो. काही नवी साधनं तो जाणतात, पण उजेड आणि सावली पडल्यावर चित्रातला हिरवा जागोजागी बदलतोच, आणि बदलायलाच हवा. त्यामुळे ब्रँडचा काटेकोर रंग चित्रात शोधू नये. चिन्ह, पट्टी आणि मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अचूक आकड्याने चढवावा. चित्राने त्याच्याशी जुळवून घेतलं तरी पुरे.

‘पैसा’, ‘बचत’ असं लिहिलं की चित्रात हिरव्या नोटा येतात. पैसा हिरवा, ही डॉलरची देणगी. आपली पाचशेची नोट दगडी करडी, दोनशेची पिवळी, शंभराची जांभळट. शिवाय नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, तेव्हा नोटा टाळलेल्याच बऱ्या. तांबड्या रंगाचंही भान हवं: आपल्याकडे घसरलेला शेअर लाल दिसतो, चीनमध्ये चढलेला. आणि एक गोष्ट कुठल्याच रंगाने भागत नाही. ठेवीदार पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्याची ओळ शोधत असतो. ती ठळक, काळ्या अक्षरांत, सहज वाचता येईल अशी छापा.

एनर्जी ड्रिंकला फारसा वेळ द्यायची गरज नाही, कारण तिथे साधन आपणहून भडक होतं. ‘ऊर्जा म्हणजे लाल’ हा समज मात्र तपासून घ्यावा. भारतात ‘स्टिंग’ लाल आहे खरं, पण १९८७ मध्ये ऑस्ट्रियात सुरू झालेल्या ‘रेड बुल’चा डबा निळा-चंदेरी, आणि २००२ मध्ये आलेला ‘मॉन्स्टर’ काळ्यावर पोपटी ओरखडे घेऊन आला. तिघांत समान आहे तो तीव्र फरक: एक भडक रंग आणि त्याला शांत, गडद किंवा धातूची पार्श्वभूमी. साधन नेमकं इथे चुकतं. ते डबा, ठिणग्या, पार्श्वभूमी, पाण्याचे थेंब असं सगळंच पेटवून ठेवतं, मग डबा कुठे आहे तेच कळत नाही. सूचनेत एकच ओळ वाढवा:

```
Near-black matte background, one saturated orange
on the can only, everything else neutral grey
```

केशरी इथे मुद्दाम: काळा-पोपटी घेतला की वाचक दुसऱ्याच कंपनीचं नाव मनात वाचतो. कार्टून आणि खाऊसारखे गोळीबंद रंगही नकोत. लहान मुलं आणि गर्भवती यांच्यासाठी हे पेय योग्य नाही, असा इशारा कॅफिनयुक्त पेयांच्या डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार छापावा लागतो. जाहिरातीचे रंग नेमके मुलांनाच बोलावत असतील तर तो इशारा शोभेचा उरतो.

चित्र जमलं की नाही, हे ओळखायच्या काही साध्या परीक्षा आहेत. साधनं बहुधा एका सूचनेवर चार चित्रं देतात. चारही शेजारी ठेवा. चौघांत जे सारखं आहे ते तुम्ही सांगितलेलं किंवा साधनाच्या सवयीचं. जे बदलतंय ते तुम्ही सांगायचं विसरलेलं. मग चित्र कृष्णधवल करा. वाटी किंवा डबा करड्यातही उठून दिसला, तर रंगाची मांडणी पक्की आहे. नंतर नाव झाकून दोन-चार जणांना विचारा, ही जाहिरात कशाची? तेलाच्या चित्राला कुणी ‘बँक’ म्हणणार नाही, पण ‘साबण’ किंवा ‘दूध’ म्हटलं तर रंग परत बघावे लागतील.

शेवटची परीक्षा छापखान्यात होते आणि तिथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. पडद्यावरचा निऑन पोपटी किंवा पेटता केशरी हा उजेडाचा बनलेला असतो; छपाईच्या चार शाईंमध्ये तो रंगच नाही. वर्तमानपत्राच्या कागदावर काळाही राखाडी पडतो, आणि बाळाच्या तेलामागची क्रीम भिंत कागदाच्याच मळकट रंगात विरून जाते. फोटोशॉपमध्ये `Gamut Warning` चालू केलं की न छापता येणारे रंग आधीच दिसतात. वर्तमानपत्रात जायचं असेल तर पार्श्वभूमी आणि मुख्य वस्तू यांच्यातला फरक पडद्यावर वाटतो त्यापेक्षा थोडा जास्तच ठेवा. आणि पैसे चुकते करण्यापूर्वी प्रूफ त्याच कागदावर काढून मागा, ट्यूबलाइटखाली पाहू नका, दाराबाहेर दिवसाच्या उजेडात न्या.